धर्माचा बाजार, रॅशनल चॉईस आणि तुमचा सेमिनार पेपर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात एम.ए. सोशिऑलॉजी करणाऱ्या पोरापोरींचे पेपर गेली काही वर्षं मी वाचून देतोय. सोशिऑलॉजी ऑफ रिलिजनच्या पेपरात रॅशनल चॉईस आणि रिलिजस मार्केट हा विषय आला की दरवेळी तेच प्रश्न येतात, कुणी फोनवर विचारतं, कुणी रंकाळ्यावर फिरताना. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी इथं सगळ्या थिअरीचा आढावा घेणार नाही. तिच्या एका दाव्यावरच जास्त बोलणार आहे, की जिथं धर्माचे पर्याय जास्त तिथं लोक जास्त धार्मिक. कारण पेपरात खरी टीका करायला तीच जागा सगळ्यात चांगली आहे असं माझं मत आहे.

थिअरी नक्की काय म्हणते? दोन मिनिटांत सांगा.

आधी सगळ्यांना वाटायचं की समाज मॉडर्न झाला, एका गावात दहा पंथ आले, की प्रत्येकाचा दावा दुसऱ्यामुळं पातळ होतो आणि माणसाची श्रद्धा ढिली पडते. पीटर बर्गर 1967 च्या सुमारास हेच म्हणत होते, आणि बाजाराची भाषा त्यांनीही वापरली होती, फक्त त्यांचा निष्कर्ष या थिअरीच्या उलटा होता. पुढं रॉडनी स्टार्क, विल्यम बेनब्रिज, रॉजर फिंके आणि लॉरेन्स यानाकोन या मंडळींनी अमेरिकेकडं बोट दाखवलं. तिथं सरकारी चर्च नाही, पंथ ढिगानं आहेत, आणि फिंके-स्टार्क यांच्या हिशोबानं 1776 साली जेमतेम 17 टक्के लोक कुठल्यातरी चर्चचे सभासद होते, ते 1980 पर्यंत 62 टक्के झाले. म्हणजे पर्याय वाढले आणि धर्म कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

त्यांचं म्हणणं असं, की माणसाची धर्माची गरज सगळीकडं साधारण सारखीच असते, फरक पडतो तो पुरवठ्यात. एकाच चर्चला सरकारचा पाठिंबा आणि पगार असेल तर पाद्री आळशी होतो. स्पर्धा असेल तर प्रत्येक पंथ माणसं धरून ठेवायला धडपडतो आणि एकूण सहभाग वाढतो. पगारी पाद्र्याबद्दलचं हे निरीक्षण अॅडम स्मिथनं 1776 सालीच लिहून ठेवलंय, त्यामुळं ‘ही एकदम नवी कल्पना’ असं पेपरात लिहू नका.

‘धर्म म्हणजे दुकान नव्हे, श्रद्धेला किंमत नसते’ एवढं लिहिलं की टीका झाली ना?

नाही. दहातल्या सात पेपरात हेच असतं आणि परीक्षक तिथंच कंटाळतो.

थिअरीवाले धर्माला दुकान म्हणतच नाहीत, ते एक मॉडेल लावून बघतात. मॉडेल सोपं केलेलं असणारच, त्यामुळं ‘हे फारच सोपं आहे’ ही टीका कुठल्याही मॉडेलला लागू पडते. शिवाय ‘रॅशनल’ म्हणजे स्वार्थी किंवा पैशाच्या मागं लागलेला असा अर्थ धरू नका. स्टार्क आणि फिंके यांची 2000 सालची व्याख्या फार मवाळ आहे, तिचा आशय असा, की माणूस त्याला असलेल्या माहितीच्या मर्यादेत, समोर असलेल्या पर्यायांत, स्वतःच्या आवडीनिवडीनुसार शहाणपणानं निवडायचा प्रयत्न करतो. आता सांगा, या व्याख्येत न बसणारा माणूस तुम्ही कुठून आणणार? अनवाणी पंढरपूरला चालत जाणारा बसतो आणि देवळात पाय न ठेवणाराही बसतो.

तुमची टीका इथून सुरू व्हायला पाहिजे. व्याख्या एवढी सैल केली की ती चुकूच शकत नाही, आणि जी चुकू शकत नाही ती काही समजावूनही सांगत नाही. त्यामुळं थिअरीचा असा भाग शोधा जो चुकू शकतो, आणि तो तपासा.

तो चुकू शकणारा भाग कुठला?

पर्यायांची संख्या आणि सहभाग यांचं नातं. पर्याय जास्त तिथं सहभाग जास्त, हा दावा आकड्यांवर तपासता येतो आणि लोकांनी तो भरपूर तपासलाय. फिंके आणि स्टार्क यांनी 1988 साली एक पेपर छापला, त्यात 1906 च्या धार्मिक जनगणनेतून अमेरिकेतली दीडशे मोठी शहरं घेतली आणि सांगितलं की बघा, जिथं विविधता जास्त तिथं सभासदत्व जास्त. त्यानंतर दहा-बारा वर्षं अशा पेपरांचा नुसता पाऊस पडला, कुणाला दोन्ही एकत्र वाढणारं प्लस नातं मिळायचं, कुणाला उलटं म्हणजे मायनस, कुणाला काहीच नाही.

2001 साली मार्क चेव्हस आणि फिलिप गोर्स्की यांनी तोपर्यंत छापून आलेल्या अशा 193 चाचण्या एकत्र करून बघितल्या आणि म्हणाले, सर्वसाधारणपणे पर्याय वाढले की सहभाग वाढतो या दाव्याला पुरावा मिळत नाही. बरेचजण पेपरात इथंच थांबतात. थांबू नका, कारण खरी गंमत त्याच्या पुढच्या वर्षी झाली.

ते प्लुरॅलिझम इंडेक्स, म्हणजे पंथांच्या विविधतेचं माप, काढतात कसं?

सोपं आहे, घाबरू नका. गावातल्या सगळ्या सभासदांपैकी प्रत्येक पंथाचा वाटा काढायचा, त्या वाट्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि ती बेरीज एकातून वजा करायची.

```
इंडेक्स = 1 - Σp²
```

एकच पंथ असेल तर उत्तर शून्य. खूप पंथ सारख्या आकाराचे असतील तर उत्तर एकाच्या जवळ जातं. अर्थशास्त्रात कंपन्यांची मक्तेदारी मोजायला जो हिशोब वापरतात तोच उलटा करून इथं आणलाय. आणि सहभाग म्हणजे काय, तर सगळ्या पंथांचे सभासद मिळून गावाच्या लोकसंख्येच्या किती टक्के होतात ते.

आता परत एकदा वाचा. इंडेक्सही सभासदांच्या आकड्यातूनच निघतो आणि सहभागही त्याच आकड्यातून. दोन्ही एकाच पिठाच्या भाकरी आहेत.

त्यात घोळ काय होतो? उदाहरण द्या.

2002 साली डेव्हिड व्होस, डॅनियल ओल्सन आणि अॅलॅस्डेअर क्रॉकेट यांनी हाच घोळ दाखवला. तो शब्दांत पटकन डोक्यात शिरत नाही म्हणून मी एक काल्पनिक हिशोब करून दाखवतो, वही घेऊन सोबत करा.

समजा तीन गावं आहेत, प्रत्येकी 1000 लोकसंख्येची, आणि प्रत्येकात दोनच पंथ, एक मोठा एक छोटा. पहिल्या खेपेला मोठा पंथ तिन्ही गावांत 400 चा ठेवू आणि छोटा बदलू, 50, 100 आणि 200. एकूण सहभाग झाला 45 टक्के, 50 टक्के आणि 60 टक्के. इंडेक्स काढला तर येतो 0.20, 0.32 आणि 0.44. म्हणजे विविधता वाढली तसा सहभाग वाढला, स्टार्क खूश.

आता दुसरी खेप. छोटा पंथ तिन्ही गावांत 100 चाच, आणि मोठा बदलतो, 200, 400, 600. सहभाग 30, 50 आणि 70 टक्के. इंडेक्स येतो 0.44, 0.32 आणि 0.24. इथं विविधता कमी झाली तसा सहभाग वाढला, बर्गर खूश.

या दोन्ही खेपांत स्पर्धा नावाची गोष्ट मी कुठं घातली? कुठंच नाही. पाद्री आळशी की कष्टाळू हे मी ठरवलंच नाही, नुसते आकडे हलवले. छोट्या पंथांचा आकार गावागणिक जास्त बदलत असेल तर नातं आपोआप प्लस येतं, मोठ्या पंथाचा बदलत असेल तर आपोआप मायनस येतं. त्यामुळं त्या तिघांचं म्हणणं असं, की या पद्धतीनं आधी मिळालेले निष्कर्ष, प्लसवाले पण आणि मायनसवाले पण, जवळजवळ सगळेच बाजूला ठेवावे लागतील.

हे वाक्य नीट समजून घ्या. इथं थिअरी खोटी ठरलेली नाही. एवढंच ठरलंय की तिच्या बाजूनं आणि विरुद्ध दिलेला तो पुरावा पुरावाच नव्हता. माझ्या पहिल्या पेपरात मी ‘2002 साली थिअरी खोटी ठरली’ असं लिहिलं होतं, आणि मला शिकवणाऱ्या बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारून बाजूला फक्त ‘काय खोटं ठरलं?’ एवढं लिहिलं. तो प्रश्न तुम्ही लिहायच्या आधी स्वतःला विचारा.

मग 1906 च्या शहरांचं काय झालं होतं?

त्या डेटात इंडेक्स आणि सहभाग यांचं नुसतं नातं बघितलं तर ते मायनस होतं. कॅथलिकांचं प्रमाण कंट्रोल केल्यावर, म्हणजे त्याचा परिणाम हिशोबातून वेगळा काढल्यावर, ते प्लस झालं, आणि पेपरातला मोठा दावा त्या दुसऱ्या आकड्यावर उभा आहे.

आता वरच्या दोन खेपा आठवा. बऱ्याच शहरांत कॅथलिक हा सगळ्यात मोठा गट होता. त्याचं प्रमाण कंट्रोल केलं की मोठ्या गटातला फरक हिशोबातून बराचसा निघून जातो, आणि उरतो तो छोट्या गटांमधला फरक. म्हणजे आपण दुसऱ्या खेपेतून उठून पहिल्या खेपेत येऊन बसलो. शिवाय इंडेक्स आणि कॅथलिक टक्केवारी ही दोन एकमेकांशी इतकी घट्ट बांधलेली होती की दोन्ही एकाच समीकरणात घातल्यावर उत्तराचा भरवसा राहत नाही, हे ओल्सन यांनी 1999 सालीच दाखवलं होतं.

कॅथलिकांना कंट्रोल करायचं कारणही फिंके आणि स्टार्क देतात, की कॅथलिक चर्चच्या आतच इतकी विविधता आहे की त्याला एक फर्म धरता येत नाही. हे कारण मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण मग तेच बाप्टिस्टांना का नाही लावलं, हा प्रश्न पेपरात विचारायला हरकत नाही.

थिअरीवाले यावर गप्प बसले का?

नाही, आणि त्यांची उत्तरं तुमच्या पेपरात आली नाहीत तर तुमची टीका एकतर्फी वाटते. त्यांचं मुख्य उत्तर असं, की पंथांची संख्या हे स्पर्धेचं एक ढोबळ माप आहे, खरी गोष्ट म्हणजे सरकारी नियंत्रण. नियंत्रण कमी असेल तर स्पर्धेला वाव मिळतो, मग आज पंथ दोन असोत की वीस. हे उत्तर इंडेक्सच्या घोळातून सुटतं, कारण नियंत्रण तुम्ही सभासदांच्या आकड्यातून काढत नाही, कायद्यातून काढता. सरकार चर्चला पैसे देतं का, बिशप नेमतं का, असल्या प्रश्नांतून.

पण मग पोलंडचं काय? एकच चर्च, तरी कम्युनिस्ट काळात गच्च भरलेलं. ते म्हणतात, तिथं चर्च परक्या किंवा नास्तिक सत्तेविरुद्ध उभं होतं, आणि संघर्ष हा स्पर्धेच्या जागी चालतो. पहिल्यांदा ऐकलं तर पटतं. पण जरा थांबून विचार करा. स्पर्धा असली की सहभाग वाढतो. स्पर्धा नसून वाढला तर संघर्ष होता म्हणायचं. मग अशी कुठली परिस्थिती उरली जिथं थिअरी म्हणेल, आम्ही चुकलो? संघर्ष आधीच मोजून ठेवला असता आणि मग भाकीत केलं असतं तर गोष्ट वेगळी, इथं उत्तर दिसल्यावर कारण जोडलंय.

स्वीडनचंही तसंच. तिथं 2000 साली चर्च सरकारपासून वेगळं झालं. त्यानंतर दर रविवारी चर्चला जाणाऱ्यांची गर्दी काही वाढली नाही. यावर त्यांचं उत्तर असतं की नियंत्रण उठल्याचा परिणाम दिसायला पिढ्या जातात. जातही असतील, पण किती पिढ्या हे आधी सांगितलं नाही तर वाट बघत बसायची सोय कायमच राहते. पेपरात मी पोलंड किंवा स्वीडन यापैकी एकच घेईन आणि दोन पानं देईन, दोन्ही अर्धं अर्धं नको.

हे सगळं अमेरिका-युरोपचं झालं. कोल्हापूरचं उदाहरण घेतलं तर चालेल का?

चालेल काय, घ्याच. पण नुसतं ‘भारतीय संदर्भात ही थिअरी लागू होत नाही’ असं एक वाक्य शेवटी चिकटवू नका, कुठं मोडते ते दाखवा.

आपल्या पेठेतली एक गल्ली घ्या, समजा 100 घरं (आकडे माझे, हिशोबापुरते). जनगणना प्रत्येकाला एकच धर्म विचारते. त्या हिशोबानं 92 घरं हिंदू आणि 8 घरं दुसऱ्या एका धर्माची. इंडेक्स आला 0.15, म्हणजे जवळजवळ मक्तेदारी.

आता त्याच गल्लीत विचारा, वर्षभरात तुमच्या घरातलं कुणी कुठं कुठं जातं? 90 घरं जोतिबाला जातात, 95 घरांतलं कुणीतरी अंबाबाईला, 40 घरं नरसोबाच्या वाडीला आणि 15 घरं दर्ग्यात. बेरीज होते 240. शंभर घरांची बेरीज दोनशे चाळीस, म्हणजे सहभाग 240 टक्के म्हणायचं का? तरी हट्टानं त्या 240 मधले वाटे धरून इंडेक्स काढला तर येतो 0.67. तीच गल्ली, तीच माणसं, एका मापानं मक्तेदारी आणि दुसऱ्या मापानं गजबजलेला बाजार.

मोहरमला पंज्यांपुढं हात जोडणारी हिंदू घरं आपण लहानपणापासून बघतोय, त्यांना कुठल्या खात्यात टाकणार? मापाच्या मागं एक गृहीत धरलेलं आहे, की एक माणूस एका वेळी एकाच ठिकाणचा सभासद असतो, इथं आला तर तिथून गेला. हे गृहीत प्रोटेस्टंट सभासद-पुस्तकातून आलंय, माणसाच्या स्वभावातून आलेलं नाही.

पण सर म्हणाले की यानाकोनकडं याचंही उत्तर आहे?

आहे, आणि सर बरोबर आहेत. 1995 साली यानाकोन यांनी पोर्टफोलिओची कल्पना मांडली. देवाकडून मिळणाऱ्या फळाची खात्री नसते, म्हणून माणूस जोखीम कमी करायला बघतो. एक रस्ता म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच ठिकाणी घट्ट बांधून घ्यायचं, तिथं बाकीचे लोक बघून तुमचा विश्वास टिकतो. दुसरा रस्ता म्हणजे थोडं इथं थोडं तिथं ठेवायचं, जसं आपण सगळे पैसे एकाच पतसंस्थेत ठेवत नाही. दुसऱ्या प्रकारात भक्त आणि पुजारी यांचा व्यवहार त्या त्या कामापुरता असतो, अभिषेक केला, दक्षिणा दिली, संपलं. आशियातले बरेच धर्म त्यांनी या दुसऱ्या खणात टाकले.

आपल्या गल्लीचं 240 याच्यात छान बसतं. त्यामुळं ‘थिअरीला अनेक देव समजतच नाहीत’ असं लिहिलं तर परीक्षक एका ओळीत तुम्हाला उडवेल. उलट तुम्ही म्हणा, की पोर्टफोलिओनं अंबाबाई, वाडी आणि दर्गा या फेऱ्या बऱ्यापैकी समजतात, अडचण येते जोतिबापाशी.

जोतिबापाशी काय अडचण?

बऱ्याच घरांचा जोतिबा हा कुलदैवत आहे, आणि कुलदैवत कुणी निवडत नाही. ते घराण्याबरोबर येतं. चैत्र यात्रेला सासनकाठी घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसाला विचारा, का जाता? तो फायदा-तोटा सांगत नाही, तो म्हणतो ‘आमच्या घराचा मान हाय’ किंवा ‘आज्यापासनं चालत आलंय’. आता थिअरीवाला म्हणेल की यात्रेला गेलं नाही तर देव कोपेल ही भीती आणि गावात नाव जाईल ही भीती, म्हणजे शेवटी हिशोबच. म्हणू दे. पण मग तो निवडीबद्दल बोलत नाही, चुकवल्यावर काय होईल याबद्दल बोलतोय, आणि कर्तव्य सगळं दंडाच्या भीतीत बसवलं की परत आपण त्या न चुकणाऱ्या व्याख्येवर येऊन थांबतो.

याहून मोठा मुद्दा मला सुनेचा वाटतो आणि तो पेपरात फार कमी दिसतो. लग्न झालं की मुलीचं कुलदैवत बदलतं. माहेरचा खंडोबा होता, सासरचा जोतिबा झाला. अमेरिकन अभ्यासात पंथ बदलण्याला फार महत्त्व आहे, आणि यानाकोन यांच्या 1990 च्या मांडणीत माणूस धर्माचं जे शिकतो, गाणी, प्रार्थना, रीतीभाती, ओळखी, ते एक प्रकारचं भांडवल असतं. ते वाया जाऊ नये म्हणून माणूस शक्यतो स्वतःच्याच पंथात लग्न करतो, आणि बदललाच तर लहान वयात बदलतो, असं ते भाकीत करतात.

आपली सून कुलधर्म, कुलाचार, नैवेद्याचे पदार्थ, कुठल्या दिवशी काय शिजवायचं नाही, हे सगळं नव्यानं शिकते. तिचं माहेरचं त्यातलं बरंच भांडवल बाजूला पडतं, आणि हे तिनं ठरवलेलं नसतं, लग्नाच्या पद्धतीतच ते आहे. वर ते सासरचं भांडवल सांभाळायचं कामही तीच करते, उपास तिचे, सोवळं तिचं, आणि देवाचा मान मिळतो तो घराच्या नावाला. मग निवडणारा कोण? व्यक्ती, घर की घराणं? थिअरीचं एकक व्यक्ती आहे, कधी कधी ते घराला एक व्यक्ती धरतात, पण त्या घराच्या आत कुणाचं चालतं हे त्यात दिसत नाही. माझ्या मते कोल्हापुरातून करता येईल अशी ही सगळ्यात धारदार टीका आहे, आणि यासाठी तुम्हाला लायब्ररीपेक्षा स्वतःच्या आईशी आणि आजीशी जास्त बोलावं लागेल.

वेदोक्त प्रकरण यात घेता येईल का?

येईल, आणि फार चांगलं बसेल, फक्त घाईनं ‘शाहू महाराजांनी मक्तेदारी मोडली’ एवढंच म्हणून पुढं जाऊ नका.

बाजाराच्या चष्म्यातून बघितलं तर गोष्ट अशी दिसते. पुरवठा करणारा एकच गट, वंशपरंपरेनं हक्क, वतन. 1899 च्या सुमारास पंचगंगेच्या स्नानाच्या वेळी महाराजांच्या विधीला वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हटले जात होते हे बाहेर आलं. राजोपाध्यांनी वेदोक्त करायला नकार दिला, महाराजांनी त्यांचं वतन काढून घेतलं. पुढं 1911 साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, आणि 1920 साली क्षात्र जगद्गुरूंचं पीठ निर्माण झालं. म्हणजे एका पुरवठादाराच्या जागी दुसरा आला.

इथपर्यंत मॉडेल कामाला येतं, आणि ते मान्य करा. पण भांडण कशाचं होतं? महाराजांना आधी मिळत नव्हता असा जास्त चांगला विधी हवा होता का? मुद्दा होता की आम्ही क्षत्रिय आहोत की शूद्र, आणि हे ठरवणार कोण. विधीची किंमत त्याच्या फळात नव्हती, तो कुणाला मिळतो आणि कुणाला नाकारला जातो यात होती. आणि अशी वस्तू उद्या सगळ्यांना मोकळेपणानं वाटली तर तिची ती किंमतच राहत नाही. दर्जाची मागणी ही भाकरीच्या मागणीसारखी नसते, ती दुसऱ्याकडं काय आहे यावर ठरते. ‘सगळ्यांची धर्माची गरज साधारण सारखीच’ हे थिअरीचं गृहीत जातीपुढं टिकत नाही, कारण कुणाला काय मागता येईल हेच जात ठरवत होती.

शिवाय महाराज एकाच वेळी गिऱ्हाईक होते, नियंत्रक होते आणि नवा पुरवठा उभा करणारेही होते. तिन्ही भूमिका एकाच माणसात असतील तर ‘सरकारी नियंत्रण कमी की जास्त’ हे माप कसं लावायचं?

स्ट्रिक्ट चर्च आणि फ्री रायडरवाला भाग घ्यायचा का?

जागा असेल तर घ्या, तो थिअरीचा मला सगळ्यात आवडलेला भाग आहे. कडक नियम का टिकतात? कारण नियम पाळायचे म्हटलं की अर्धवट माणसं, म्हणजे स्वतः काही न देता फायदा घेणारे फ्री रायडर, आपोआप गळतात, आणि उरलेले सगळे मनापासून असल्यामुळं समूहाचा अनुभव दाट होतो. तांबडा-पांढरा रस्सा असलेल्या गावात माळ घालून मटण सोडणं म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको, दर लग्नात, दर जत्रेत, ताटावर बसल्यावर ते पुन्हा पुन्हा दिसतं. माळकरी माळकऱ्याला लगेच ओळखतो आणि विश्वास ठेवतो.

पण ‘कडक म्हणून वाढले’ असं अमेरिकेबद्दल लिहिणार असाल तर जपून. हाउट, ग्रीली आणि वाइल्ड यांनी 2001 साली दाखवलं की कडक प्रोटेस्टंट पंथांचा वाटा वाढण्यामागं साधारण तीन चतुर्थांश भाग त्या घरांतल्या बायकांना जास्त आणि लवकर मुलं झाली याचा होता. म्हणजे बाजारात गिऱ्हाईक खेचून आणण्यापेक्षा पाळण्यानं जास्त काम केलं.

शेवटी मग सेक्युलरायझेशनची, म्हणजे समाज मॉडर्न झाला की धर्म ढिला पडतो ही बाजू घ्यायची का? स्टीव्ह ब्रूस तर म्हणतात...

ब्रूस यांचा 1999 चा मुख्य मुद्दा घ्या, की आर्थिक निवडीसाठी किंमत कळायला लागते, पर्यायांची तुलना करता यायला लागते आणि बदलणं सोपं असावं लागतं, आणि धर्मात हे तिन्ही फार कमकुवत असतात. पण तुम्हाला त्यांच्या टीममध्ये जायची सक्ती नाही. इंडेक्सचा घोळ बर्गरच्या बाजूच्या आकड्यांनाही तेवढाच लागतो हे वर बघितलंच.

माझ्याकडं फील्ड डेटा नाही आणि पेपर पंधरा दिवसांवर आलाय.

वीस घरं करा, चार संध्याकाळी होतात. सर्व्हे म्हणू नका, उदाहरणं म्हणा, टक्केवारी काढू नका. प्रत्येक घरात पुरुषाला आणि बाईला वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको, नाहीतर बाई गप्प बसते आणि उत्तर एकटा तोच देतो. ‘तुम्ही धार्मिक आहात का’ असलं काही विचारू नका. विचारा, गेल्या वर्षात कुठं कुठं गेलात, कुणी ठरवलं, आणि त्यातलं काय बंद करता आलं असतं. तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ थांबा. एका काकूंनी मला सांगितलं होतं, ‘वाडी बंद करता येईल, पौर्णिमा चुकली तर चुकली. जोतिबा कसा बंद करणार, तो काय मी चालू केलाय व्हय?’ ते वाक्य मी तसंच्या तसं पेपरात घातलं, आणि त्याच्या खाली 0.15 आणि 0.67 चं टेबल.

नावं मात्र बदला, आणि गल्लीचं नाव तर अजिबात टाकू नका, आपल्या गावात लोक दोन मिनिटांत ओळखतात.